ट्यूबलेस टायर रात्रीत बसतोय? सीलंट ओतत राहण्याआधी गळती कुठून होतेय ते शोधा

रात्री माउंटन सायकलच्या चाकांत व्यवस्थित हवा भरून ठेवली, सकाळी निघताना मागचा टायर अंगठ्याने दाबला तर सरळ आत जातोय. मग पुन्हा पंप, राइड, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात, टायरच्या आत भोकं बुजवायला असतं ते सीलंट अजून थोडं ओततात. चार दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या.

यातला पुढचा भाग कोणी फारसा बोलत नाही. टायरवर भरवसा राहिला नाही की माणूस आपोआप जास्त हवा भरायला लागतो, म्हणजे वाटेत कमी झाली तरी चालेल असा हिशोब, आणि मग २४-२५ पीएसआयच्या जागी ३२-३५ भरून मुरमाड उतारावर जातो आणि तिथे टायर धरतच नाही. मग तक्रार सुरू होते की टायर बेकार आहे, ट्रेड चुकीचा घेतला. माझं म्हणणं असं की हवा उतरणं आणि मुरमावर घसरणं हे दोन वेगळे प्रॉब्लेम समजू नका. गळती बंद झाल्याशिवाय प्रेशर किती ठेवायचं या चर्चेला काही अर्थच नाही, कारण निघताना भरलेलं प्रेशर उतारावर पोचेपर्यंत शिल्लकच नसतं.

परवा एका मित्राची सायकल अशीच हातात आली, तीच केस धरून सांगतो, कारण त्यात जवळजवळ सगळं आलंय. अॅल्युमिनियमचं २९ इंची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, मागे २.३५ इंच रुंद टायर, पुढे २.४, रिम आतून ३० मिलिमीटर रुंद. बॅग-पाणी धरून त्याचं वजन ७५ किलो. बोपदेव घाटाच्या वर कानिफनाथकडे ज्या मुरमाड वाटा आहेत तिथे तो जातो. मागच्या चाकात रात्री २६ भरले तर सकाळी १५, पुढचं चाक मात्र ठणठणीत, रात्रीत जेमतेम एखादा पीएसआय कमी. "अरे दोनदा सीलंट टाकलं, अजून किती टाकू?" हा त्याचा प्रश्न, आणि मधल्या काळात उपाय म्हणून मागे ३४ भरून फिरत होता.

आधी एक खुलासा. ट्यूबलेसमध्ये थोडी हवा जाणारच. दिवसाला एक-दोन पीएसआय गेले तर ते नॉर्मल आहे, नवीन टायर बसवल्यावर पहिले काही दिवस तर जास्तच जाते कारण सीलंट अजून साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, बारीक छिद्रांत बसलेलं नसतं. त्यामुळे आठवड्याने सायकल काढली आणि टायर मऊ लागला म्हणून घाबरू नका. एका रात्रीत १० पीएसआय म्हणजे मात्र नक्की कुठेतरी वाट सापडलीय हवेला.

आणि हे मोजताना फ्लोअर पंपाच्या काट्यावर जाऊ नका. प्रेस्टा व्हॉल्व्हला पंप लावला तरी पहिला दट्ट्या मारेपर्यंत काटा शून्यावरच असतो, कारण व्हॉल्व्ह आतल्या दाबाने बंद असतो, म्हणजे आत किती उरलीय ते पंप सांगूच शकत नाही. शिवाय १६० पर्यंत आकडे असलेल्या डायलवर २२ आणि २५ मधला फरक काट्याच्या जाडीइतकाच असतो. एक वेगळा डिजिटल गेज घ्या, किंवा कमी प्रेशरचा काट्याचा गेज, आणि दरवेळी तोच वापरा. तो एखादा पीएसआय चुकीचा दाखवत असला तरी चालेल, दरवेळी तितकाच चुकला म्हणजे झालं.

आता सीलंटच का ओतायचं नाही आधी ते बघू. सायकलचं बहुतेक सीलंट म्हणजे पातळ लॅटेक्स, त्यात अमोनिया किंवा तत्सम काहीतरी ते पातळ ठेवायला, आणि भोक बुजवायला बारीक कण. भोकातून हवा बाहेर पडताना सीलंट ओढून नेते, तिथे ते हवेशी येऊन घट्ट होतं, कण अडकतात आणि भोक बंद. हे काम ते टायरच्या रबरात छान करतं. बाभळीचा काटा, सराट्याचं गोखरू, साइडवॉलची बारीक छिद्रं, यासाठी त्याच्यासारखं काही नाही. पण रिमच्या तळावरची, स्पोकची भोकं झाकणारी टेप जिथे सुटलीय तिथे फट भोकासारखी एकाच जागी नसते, ती टेपच्या खाली लांबवर पसरलेली असते आणि चाक वाकलं, स्पोक ताणले गेले की ती हलते. तिथे सीलंट आत शिरतं, टेपचा गोंद सोडवतं आणि फट उलट वाढते. म्हणूनच सीलंट टाकल्यावर चार दिवस बरे जातात आणि नंतर आधीपेक्षा वाईट होतं.

सीलंट संपलंय की नाही ते आधी बघाच, ते दोन मिनिटांचं काम आहे. चाक काढून कानाजवळ धरून हलवा, आत खळखळ आवाज आला तर पातळ सीलंट आहे. आवाज नाही आला तर हवा सोडा, व्हॉल्व्हचं कोअर, म्हणजे आतला सुटा होणारा भाग, काढा, व्हॉल्व्ह खाली आणून चाक थोडा वेळ तसंच ठेवा म्हणजे सीलंट तळाशी जमेल, आणि मग एक पातळ झिप टाय व्हॉल्व्हमधून आत घालून बाहेर काढा. टोक ओलं आलं तर आहे, कोरडं आलं किंवा त्याला रबरी तुकडे चिकटून आले तर वाळलंय. आपल्याकडे मार्च ते मे सीलंट फार लवकर वाळतं, त्यात सायकल पश्चिमेच्या बाल्कनीत किंवा गाडीच्या डिकीत असेल तर बघायलाच नको. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे, उन्हाळ्यात दोन महिन्यांनी उघडून बघायचंच. पावसाळ्यात आणि थंडीत जास्त टिकतं. २९ इंची २.३५-२.४ च्या टायरला नव्याने भरताना १०० ते १२० एमएल पुरतं, नुसतं टॉप-अप असेल तर ५०-६०. नवीन टायर थोडं शोषून घेतो म्हणून पहिल्यांदा कंजूषी करू नका.

मित्राच्या चाकात खळखळ व्यवस्थित होती. म्हणजे प्रश्न सीलंटचा नव्हताच.

गळती शोधायची कशी

भांडी घासायचं लिक्विड पाण्यात, फेस होईल इतकं, आणि एक जुना पेंट ब्रश किंवा स्प्रेची बाटली. टायरमध्ये ३०-३५ पीएसआय भरा, म्हणजे गळती नीट दिसेल. चाक काढूनच करा, फ्रेममध्ये असताना अर्धं दिसत नाही.

सुरुवात व्हॉल्व्हच्या टोकाशी. तिथे एक थेंब टाका, बुडबुडा फुगत राहिला तर कोअर सैल आहे किंवा त्यात वाळलेलं लॅटेक्स अडकलंय. कोअर की ने घट्ट करून बघा, नाहीतर नवीन कोअर घाला, ते स्वस्त असतं आणि दोन-तीन जवळ ठेवलेले बरे. मग टायर आणि रिम जिथे भेटतात ती पूर्ण कड, दोन्ही बाजूंनी. तिथे सलग फेस येत असेल तर बीड, म्हणजे टायरची रिममध्ये अडकणारी कड, नीट बसलेलं नाही किंवा तिथे वाळलेल्या लॅटेक्सची गुठळी अडकलीय, आणि बीडच्या वर टायरवर जी बारीक रेष असते ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसतेय का तेही बघा, एखाद्या ठिकाणी ती रिममध्ये बुडालेली असेल तर तिथेच गडबड. मग साइडवॉल. तिथे घामासारखे बारीक ओले ठिपके असतील तर त्याची फार काळजी करू नका, चाक आडवं धरून हलवत त्या बाजूला सीलंट पोचवा, मग बादलीवर आडवं ठेवा, अर्ध्या तासाने पालटा, ते बहुतेक वेळा बुजतं.

शेवटी रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे स्पोक रिममध्ये शिरतात ती निपलची भोकं, व्हॉल्व्हचा नट जिथे रिमला टेकतो ती जागा, आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला असलेला रिमचा जोड. यापैकी कुठेही बुडबुडे आले तर उत्तर जवळजवळ नक्की आहे: हवा टेपखालून रिमच्या पोकळीत शिरतेय. आणि इथे लोक हमखास फसतात. व्हॉल्व्हच्या नटापाशी बुडबुडे दिसले की वाटतं व्हॉल्व्हच गळतोय, मग पक्कड घेऊन नट आवळला जातो. पण रिमची पोकळी सगळीकडे एकच आहे, हवा टेपखाली कुठूनही शिरली तरी बाहेर पडायला तिला सगळ्यात मोठं भोक व्हॉल्व्हचं मिळतं. बुडबुडे व्हॉल्व्हपाशी म्हणजे बिघाड व्हॉल्व्हपाशी असं नाही. पक्कड लावून नट आवळला तर व्हॉल्व्हचा रबरी तळ टेपमध्ये रुततो, टेप फाटते आणि आता मात्र खरोखरच तिथे गळती होते. नट हाताने जेवढा घट्ट होतो तेवढाच, शिवाय रस्त्यात ट्यूब टाकायची वेळ आली तर तो बोटांनी निघाला पाहिजे.

मित्राच्या चाकात बुडबुडे तीन ठिकाणी होते. नटापाशी भरपूर, जोडाच्या जवळ थोडे, आणि एका निपलमधून दर दोन-तीन सेकंदांनी एक. त्या निपलभोवती पांढरट सुकलेला डागही होता, म्हणजे हवेबरोबर सीलंटही तिथून बाहेर येत होतं. टायर काढल्यावर कारण समोरच होतं. ३० मिलिमीटरच्या रिमला २५ ची टेप लावलेली. ज्या दुकानात ट्यूबलेस करून घेतलं तिथे हातात आली ती टेप मारून दिली. टेप मधल्या खोलगट भागात बसली होती आणि दोन्ही कडांना रिमचा धातू उघडा, एका ठिकाणी तर टेप नखाने उचलली तर खालून दुधासारखं सीलंट आलं. अशा चाकात लिटरभर सीलंट ओतलं असतं तरी उपयोग नव्हता.

टेप बदलताना काय करायचं

रुंदी आधी. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा ३ ते ५ मिलिमीटर जास्त हवी, कारण मधला भाग खोल असतो आणि तिथे खाली उतरताना रुंदी खर्च होते. ३० च्या रिमला ३३ ते ३५ ची. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पूर्ण तळ झाकला पाहिजे पण टेप भिंतीवर चढता कामा नये, चढली तर बीड तिला ओरबाडतं. घरातली सेलोटेप, पॅकिंग टेप वगैरे लावू नका, ट्यूबलेसचीच टेप घ्या.

जुनी टेप पूर्ण काढा, गोंद राहिला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा, दोनदा. आणि मग थांबा. रिमच्या पोकळीत सीलंट गेलेलं असतं, ते निपलच्या भोकांतून पुन्हा वर येतं आणि नवीन टेपचा गोंद ओला करतं. चाक हलवून, व्हॉल्व्हचं भोक खाली करून जेवढं येईल तेवढं काढा आणि एक रात्र कोरडं होऊ द्या. ही एक रात्र वाचवायला जाऊन लोक पुन्हा पहिल्यापासून करत बसतात.

टेप व्हॉल्व्हच्या भोकापासून वीतभर अलीकडे सुरू करा आणि पूर्ण फेरी मारून भोकाच्या पलीकडे वीतभर संपवा, म्हणजे भोकावर दोन थर येतात. लावताना चांगली ताणून लावायची, मधल्या खोलगटात फुगा राहता कामा नये, एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत जायचं. एकट्याने करणार असाल तर चाक मांडीत धरून करा, दोघं असलात तर उत्तमच. व्हॉल्व्हचं भोक चाकूने फुलीसारखं कापू नका, त्या चिरा पुढे सरकत जातात. एक खिळा किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हरचं टोक गॅसवर तापवून भोकाच्या मध्ये टेकवा, प्लॅस्टिक वितळून गोल कड तयार होते आणि ती फाटत नाही. मग व्हॉल्व्ह घट्ट दाबून आत घाला, आतून अंगठ्याने दाबून धरा आणि नट हाताने.

यानंतर एक गोष्ट करा जी बहुतेक जण करत नाहीत. व्हॉल्व्ह पुन्हा काढा, टायरमध्ये साधी ट्यूब टाका, ३० च्या आसपास भरा आणि रात्रभर ठेवा. ट्यूब टेपला सगळीकडून रिमवर दाबून बसवते. सकाळी ट्यूब काढताना एका बाजूचं बीड तसंच बसलेलं राहू द्या, म्हणजे नंतर फक्त एकच बाजू बसवायची राहते, हाही फायदा.

आता व्हॉल्व्ह परत लावा आणि सीलंट न टाकता टायर बसवून बघा. बीडला साबणाचं पाणी लावा, कोअर काढून ठेवा म्हणजे हवा झटक्यात आत जाते, आणि जोरात पंप मारा. टक् टक् आवाज करत बीड जागेवर जाईल, मग कोअर परत घालून हवा भरा. फ्लोअर पंपाने होत नसेल तर अॅडॅप्टर लावून पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर चालतो, पण तिथला माणूस गाडीच्या सवयीने भरतो, त्यामुळे नळी आपल्या हातात घ्या आणि ३५-४० च्या वर जाऊ नका, टायरवर आणि रिमवर कमाल आकडा लिहिलेला असतो तो आधी वाचा, दोन्हींत जो कमी तो. कोरड्या टायरमधून साइडवॉलने हवा जाईल, जाऊ द्या. आपल्याला बघायचंय ते फक्त निपलची भोकं आणि व्हॉल्व्ह. तिथे साबण लावून एकही बुडबुडा नाही आला तर टेप पक्की, आणि मगच सीलंट. कोअर काढलेल्या व्हॉल्व्हमधून सिरिंजने १०० एमएल, कोअर परत, हवा, चाक सगळ्या बाजूंनी फिरवायचं आणि शक्य असेल तर लगेच पंधरा मिनिटं चालवून यायचं. आधीचं सीलंट वेगळ्या कंपनीचं असेल तर टायर आतून पुसून घ्या, दोन प्रकार एकत्र झाले की कधीकधी गुठळ्या होतात.

मित्राच्या चाकात हे केल्यावर पहिल्या रात्री २६ चे २४ झाले, दुसऱ्या रात्री जेमतेम एक गेला. सीलंट होतं तितकंच, १०० एमएल.

आता प्रेशर

त्याला मी सांगितलं की ३४ आता विसर. आपल्याकडच्या सुट्या वाटांचा स्वभाव आधी लक्षात घ्या. दख्खनच्या टेकड्यांवर खाली कडक बेसाल्ट किंवा घट्ट माती आणि वर सुटा मुरूम असतो, टाइल्सवर साबुदाणा सांडावा तसा. जास्त हवेचा टायर त्या खड्यांच्या वर तरंगतो, खडे गरगर फिरतात आणि टायर त्यांच्याबरोबर निघून जातो. हवा कमी केली की टायर खड्यांभोवती वाकतो, जमिनीला लागणारा पट्टा लांब होतो आणि खड्यांच्या मधून टायरवरचे काही उंचवटे, म्हणजे नॉब, खालच्या कडक जागेपर्यंत पोचतात. शिवाय टायर प्रत्येक खड्यावरून उडत नाही, आणि हवेत असलेला टायर ना ब्रेक लावू शकत ना वळू शकत. जिथे पाऊलभर फुफाटा आहे तिथे कारण थोडं वेगळं, तिथे मऊ टायर रुंद होऊन कमी रुततो, पण दिशा तीच, हवा कमी.

किती कमी याचा एक जुना ठोकताळा आहे. बॅगेसकट वजन किलोत घ्या, ३.२ ने भागा, पुढच्या चाकाला त्यातून एक वजा, मागच्याला दोन मिळवा. ७५ किलोला २३.४ येतं, म्हणजे पुढे साधारण २२.५ आणि मागे २५.५. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. ३० मिलिमीटरच्या रिमवर २.३५-२.४ चा टायर असेल तर सुट्या जागी त्याहून थोडं खाली जाता येतं. टायर अरुंद, रिम अरुंद किंवा पातळ कातडीचा हलका रेसिंग टायर असेल तर खाली जाऊ नका, साइडवॉल धरणार नाही.

ठरवायचं मात्र वाटेवर. एक छोटा तुकडा निवडा, ज्यात एक सुटा चढ, एक सुटं वळण आणि दोन-चार दगड आहेत. मित्राने पुढे २३ आणि मागे २६ पासून सुरू केलं. आधी फक्त पुढचं चाक, एकेक पीएसआय कमी करत, तोच तुकडा, तोच वेग. २३ वर पुढचं चाक वळणात बाहेर सरकत होतं आणि सरकण्याआधी काही कळतच नव्हतं. २१ वर सरकलं तरी हळू आणि सांगून. २० वर वळणात हँडल फिरवल्यावर सायकल क्षणभर उशिरा वळतेय असं वाटायला लागलं, टायर खाली मुडपतोय याची ती खूण, म्हणून परत २१. मग मागचं. २६ वर बसून चढताना मुरमावर चाक फिरत राहायचं, २४ वर तोच चढ निघाला. २३ वर एका दगडावर रिमचा टंग असा आवाज आला, म्हणून २४. एका वेळी एकच चाक बदला, दोन्ही एकदम बदललीत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

घरी आल्यावर टायर बघा, तो बरंच सांगतो. वळणांत टायर कुठपर्यंत जमिनीला लागला ते कडेच्या नॉबवरच्या घासण्यावरून दिसतं. घासल्याच्या खुणा कडेच्या नॉबपर्यंत असाव्यात, त्याच्या पुढे साइडवॉलवरची अक्षरं घासलेली दिसली तर टायर वळणात लोळतोय, एक-दोन पीएसआय वाढवा. आणि रिम-टायरच्या सांध्यातून साइडवॉलवर सीलंटचा ओला किंवा वाळलेला ओघळ दिसला तर टायरने बर्प केलंय, म्हणजे आडव्या झटक्यात बीड क्षणभर रिमपासून सुटलं आणि हवा-सीलंट बाहेर फेकलं गेलं. एकदा झालं तर प्रेशर थोडं वाढवा. त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर तिथे रिम वाकलाय का ते बोट फिरवून बघा, दगडावर बसलेला ठोका तिथे सापडेल.

सकाळ-दुपारचा फरकही धरा. पहाटे १५-१६ डिग्रीत २२ भरले आणि दुपारी ३५ डिग्री झाली तर तोच टायर २४ च्या वर दाखवतो, दर दहा डिग्रीला साधारण सव्वा पीएसआय. उन्हात ठेवलेली सायकल त्याहून जास्त. पुण्यातून भरून सिंहगडावर गेलात तर उंचीमुळे अजून एक पीएसआय वाढतो कारण वर बाहेरचा दाब कमी असतो. म्हणून उताराच्या तोंडाशी पोचल्यावर, टायर सावलीत थोडे थंड झाल्यावर, गेज लावून तिथे ठरवलेला आकडा करायचा. भरणं घरी, सोडणं वर. पावसात मुरूम दबून घट्ट झाला की हेच आकडे वेगळे लागतात, तेव्हा पुन्हा एकदा तोच तुकडा फिरून बघा.

अजून दोन गोष्टी ज्या याच प्रश्नात वारंवार येतात. एक, मोटरसायकलचं ट्यूबलेस सीलंट सायकलमध्ये टाकू का, कारण ते प्रत्येक दुकानात मिळतं. टाकू नका. ते जाड, धाग्यांचं असतं, जड चाक वेगात फिरतं तिथे ते पसरतं, सायकलच्या चाकात ते तळाशी बसून राहतं आणि व्हॉल्व्ह चोंदवतं, साइडवॉलची बारीक गळती तर त्याने बुजतच नाही. दुसरं, टायर फुगवायचं सीओटूचं काडतूस. रस्त्यात अडलात तर वापरा, पण ते सुटताना बर्फासारखं थंड होतं आणि काही लॅटेक्स सीलंट त्याने गोठून गोळा होतात, म्हणून वापरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, सीलंट खाली राहील, आणि घरी आल्यावर झिप टायने तपासा.

टेप नीट, व्हॉल्व्ह नीट, सीलंट ओलं, आणि तरीही निपलमधून बुडबुडे येतायत अशी वेळ आली तर टेप काढून रिमचा तळ उजेडात तिरका धरून बघा. निपलच्या भोकापासून निघालेली केसासारखी रेष दिसली आणि नखाला लागली तर तो रिम तडकलाय. त्यावर दुसरा थर टेप लावून काही दिवस हवा धरेलही, पण ती तड स्पोकच्या ताणाने वाढतच जाते, तो रिम बदलायचा आणि तोपर्यंत ती सायकल उतारावर न्यायची नाही.